सायबर सुरक्षा विश्लेषक पदासाठी अर्ज

नागपूर
10 मार्च 2025

प्रति,
मा. प्रमुख, माहिती सुरक्षा विभाग

विषय: सायबर सुरक्षा विश्लेषक पदासाठी अर्ज आणि हाताळलेल्या एका घटनेची माहिती

महोदय/महोदया,

मिहानमधील आपल्या कार्यालयातील सायबर सुरक्षा विश्लेषक या पदासाठी मी अर्ज करत आहे. बायोडेटा सोबत जोडला आहे, त्यामुळे त्यातील मजकूर इथे पुन्हा लिहीत नाही. जाहिरातीत आपण अर्जदाराने स्वतः हाताळलेली एक घटना, घेतलेली पावले आणि मिळालेला धडा लिहायला सांगितले आहे. मी निवडलेल्या घटनेत माझ्या दोन चुका आहेत. बिनचूक पार पडलेली कामेही सांगता आली असती, पण या कामात मी नेमका कसा विचार करतो ते त्यांतून कळले नसते.

गेली चार वर्षे मी हिंगणा एमआयडीसीतील एका मालवाहतूक कंपनीत सिस्टीम अ‍ॅडमिन आहे. साधारण 120 मेलबॉक्स, तीन गोदामे आणि आयटीचा माणूस म्हणायला मी आणि एक ज्युनिअर. सुरक्षेसाठी वेगळा विभाग नाही. कंपनीचे, ग्राहकांचे आणि सहकाऱ्यांचे नाव मुद्दाम देत नाही. आकडे आणि वेळा माझ्या त्या दिवशीच्या नोंदवहीतून घेतल्या आहेत.

काय घडले

मंगळवार, 22 ऑक्टोबर 2024. दिवाळी आठवड्यावर आलेली, थकलेल्या बिलांची वसुली जोरात. सकाळी 10.25 ला अकाउंट्समधल्या ताईंचा फोन आला. "भाऊ, रायपूरवाल्यांचा मेल येऊनच नाही राहिला ना. ते म्हणतात, कालपासून दोनदा पाठवला."

अशा तक्रारी रोज येतात. बहुतेक वेळा मेल स्पॅममध्ये सापडतो. मेसेज ट्रेस पाहिला, तर दोन्ही मेल मेलबॉक्समध्ये पोहोचल्याची नोंद होती. इनबॉक्समध्ये मात्र दिसत नव्हते, स्पॅममध्येही नव्हते. पोहोचलेला मेल दिसत नाही म्हणजे तो कुणीतरी हलवला आहे. ताईंच्या आउटलुकमध्ये नियम उघडले. एका नियमाचे नाव फक्त "." असे होते. विषयात invoice, payment किंवा bank आले की मेल वाचलेला दाखवायचा आणि RSS Feeds या फोल्डरमध्ये टाकायचा. त्या फोल्डरमध्ये आमच्याकडे कधी कुणी डोकावत नाही. नियम करणाऱ्यालाही ते माहीत असणार.

इथे माझी पहिली चूक झाली. तो नियम मी तिथल्या तिथे पुसून टाकला. स्क्रीनशॉट नाही, नोंद नाही. घरात साप दिसल्यावर माणूस आधी काठी शोधतो, तसे झाले. मग 10.40 ला पासवर्ड बदलला आणि साहेबांना सांगितले, "खातं सुरक्षित केलं आहे." ही दुसरी चूक.

यानंतर साइन-इन लॉग पाहिला. आदल्या दिवशी 12.31 ला देशाबाहेरच्या पत्त्यावरून लॉगिन होते. ताई म्हणाल्या, "साडेबाराला तर मी डबा खात होते, कॉम्प्युटर बंदच होता." पाच मिनिटे आम्ही दोघेही बुचकळ्यात पडलो. मग लक्षात आले, मी पाहत होतो ती वेळ यूटीसीमधली होती. साडेपाच तास मिळवले की संध्याकाळचे 6.01 होतात. तेव्हा ताईंना आठवले, निघायच्या घाईत एका जुन्या पुरवठादाराच्या मेलमधले "सुधारित दरपत्रक" त्यांनी उघडले होते. लॉगिनचे पान आले, पासवर्ड टाकला, मोबाइलवर आलेला आकडाही टाकला. दरपत्रक काही उघडले नाही, त्या घरी गेल्या.

पान बनावट होते, पण मागे खऱ्या लॉगिनला जोडलेले होते. ताईंनी टाकलेला पासवर्ड आणि आकडा मायक्रोसॉफ्टपर्यंत बरोबर पोहोचला, आणि बदल्यात मिळालेले सेशन मधल्या माणसाच्या हाती पडले. आमच्याकडे दुहेरी पडताळणी चालू होती आणि तिने तिचे कामही चोख केले. तिच्या डोळ्यांदेखत चोरी झाली, इतकेच. पुरवठादाराचा मेलबॉक्सही त्याआधी असाच हातचा गेला होता, म्हणून त्या मेलवर ना आम्हाला संशय आला, ना फिल्टरला.

11.25 ला मी अहवालासाठी नियमांची यादी काढायला बसलो. नियम पुसल्याचे दाखवायला यादीत तो दिसायला नको होता. दिलेली आज्ञा ही:

```powershell
Get-InboxRule -Mailbox $u -IncludeHidden |
  Format-List Name,Enabled,MoveToFolder,MarkAsRead
```

यादीत नवा नियम होता. नाव "..". म्हणजे पासवर्ड बदलल्यानंतरही तो माणूस आत होता. पासवर्ड बदलला तरी आधी दिलेला अ‍ॅक्सेस टोकन साधारण तासभर चालू राहू शकतो. शिवाय ताईंच्या खात्यावर त्याने पडताळणीसाठी स्वतःचा दुसरा फोनही नोंदवून ठेवला होता. ते पान मी उघडलेच नव्हते. जुना नियम पुसून मी त्याला मात्र कळवून टाकले, की आम्हाला पत्ता लागला आहे.

मग काय केले

या वेळी आधी नव्या नियमाची प्रत घेतली आणि नोंदवहीत वेळ लिहिली. मग खात्याचे लॉगिन बंद केले आणि सगळी सेशन्स रद्द केली:

```powershell
Revoke-MgUserSignInSession -UserId $u
```

त्यानंतर पुन्हा पासवर्ड, अनोळखी फोन काढला, ताईंचा स्वतःचा फोन समोर बसून नव्याने नोंदवला, बाहेर जाणारे फॉरवर्डिंग आणि खात्याला परवानगी मिळालेली अ‍ॅप्स तपासली. अ‍ॅप्समध्ये काही सापडले नाही. तोच फिशिंग मेल आणखी तिघांना आला होता. एकाने दुवा उघडला होता, पण पासवर्ड दिला नव्हता. त्याचीही सेशन्स रद्द केली. 11.50 नंतर त्या खात्यात बाहेरची हालचाल दिसली नाही.

खरी घाई पुढे होती. पाठवलेल्या मेलमध्ये काही दिसत नव्हते, तिथूनही पुसलेले होते. मेसेज ट्रेसवरून कळले की ताईंच्या नावाने दोन ग्राहकांना, चालू संवादातच उत्तर देऊन, "आमचे बँक खाते बदलले आहे" असे कळवले गेले होते. मेलने सावध करण्यात अर्थ नव्हता, कारण मेलवरचाच विश्वास उडाला होता. ताईंच्या जुन्या डायरीतले नंबर काढले आणि फोन लावले. रायपूरच्या पार्टीचे 8,40,000 रुपये बँकेत मेकरने भरले होते, चेकरची मंजुरी बाकी होती. ते थांबले. चंद्रपूरच्या ग्राहकाचे 1,85,000 रुपये सकाळीच गेले होते. मी लाइनवर असतानाच त्यांनी दुसऱ्या फोनवरून 1930 लावला आणि मग cybercrime.gov.in वर तक्रार नोंदवली. 1,12,000 रुपये पुढच्या खात्यात गोठवले गेले. उरलेले 73,000 आजपर्यंत परत आलेले नाहीत. हा आकडा अहवालात पहिल्या पानावर यावा, यासाठी मला थोडा वाद घालावा लागला.

सर्ट-इनला कळवण्यावरूनही चर्चा झाली. साहेबांचे म्हणणे, आधी सगळे नीट कळू दे. 28 एप्रिल 2022 च्या निर्देशांनुसार घटना लक्षात आल्यापासून सहा तासांत कळवायचे असते. "अर्धवट असलं तरी वेळेत जाऊ दे, उरलेलं नंतर पाठवू," असे मी म्हणालो. दुपारी 3.50 ला मेल गेला, म्हणजे पाच तास पंचवीस मिनिटांनी. त्याच संध्याकाळी ऑडिट लॉगमधून पुसलेल्या पहिल्या नियमाचा तपशील मिळाला. नशीब म्हणायचे. लॉग चालू नसता तर तो पुरावा मी स्वतःच्या हाताने घालवला असता.

धडा

तेव्हापासून मी "सुरक्षित केलं" हे वाक्य वापरत नाही. काय बंद केले, काय तपासले आणि काय तपासायचे राहिले, एवढेच सांगतो. पासवर्ड बदलणे ही खाते वाचवण्यातली एक पायरी आहे, हे मला परीक्षेत लिहिण्यापुरते माहीत होते. 10.40 ते 11.50 ही सत्तर मिनिटे माझ्या त्या अपुऱ्या माहितीची आहेत. त्या वेळात आणखी मेल गेले नाहीत, हे माझे कर्तृत्व नाही.

दुसरे, हात लावण्याआधी प्रत घ्यायची. आता आमच्या दोघांच्या टेबलासमोर एक पानी कागद चिकटवला आहे. पहिली ओळ "आधी लिहा", दुसरी "लॉगिन बंद, सेशन्स रद्द", आणि पासवर्ड थेट तिसऱ्या ओळीवर. सगळ्या वेळा यूटीसी आणि भारतीय अशा दोन रकान्यांत लिहायच्या, हेही त्याच कागदावर आहे.

कंपनीत झालेले बदल पैशांच्या मर्यादेत आहेत. सगळ्यांसाठी फिशिंगला न फसणाऱ्या सुरक्षा की मागितल्या होत्या, अकाउंट्स आणि वसुलीतल्या 14 जणांसाठी मिळाल्या. नवा इनबॉक्स नियम तयार झाला की मला सूचना येते. पहिल्या आठवड्यात तिने फार छळले, मग मी फोल्डरची नावे पाहून ती गाळून घेतली. बँक खाते बदलल्याचा कोणताही मेल आला, तर आधीपासून माहीत असलेल्या नंबरवर फोन केल्याशिवाय पैसे सोडायचे नाहीत, ही सूचना ग्राहकांनाही पत्राने गेली.

ताईंचे नाव अहवालात कुठेही नाही. अहवालावरच्या बैठकीत कुणीतरी "दुवा उघडलाच का" असे विचारले, तेव्हा मी म्हणालो की त्यांनी फोन केला नसता तर आपल्याला रायपूरहून कळले असते, तेही पैसे गेल्यावर. फेब्रुवारीत गोदामातल्या एका सुपरवायझरने असाच मेल उघडला आणि दोन मिनिटांत स्वतःहून फोन केला. त्या वेळी फोनपासून सेशन्स रद्द होईपर्यंत 11 मिनिटे लागली.

माझ्याबद्दल थोडे

राष्ट्रसंत तुकडोजी महाराज नागपूर विद्यापीठाची बीसीए पदवी आणि कॉम्पटियाचे सिक्युरिटी प्लस प्रमाणपत्र माझ्याकडे आहे. मोठ्या एसओसीत किंवा पाळीत काम केलेले नाही. एसआयईएम नोकरीत वापरायला मिळाले नाही. घरी जुन्या डेस्कटॉपवर वाझूह उभे केले आहे आणि त्यावर लॉग वाचायचा सराव करतो. मुलाखतीत याबद्दल जरूर विचारावे, जेवढे येते तेवढेच सांगेन. या घटनेचा ग्राहकांची नावे झाकलेला, मिनिटागणिक तक्ता कंपनीच्या परवानगीने सोबत आणू शकेन.

मी मानेवाड्याला राहतो. रात्रपाळी चालेल, मेट्रो नसलेल्या वेळीही स्वतःच्या गाडीने येता येईल. सध्याच्या ठिकाणी 30 दिवसांची नोटीस आहे. ज्युनिअरला काम समजावून द्यायला ती मला पूर्ण लागेल.

आपला विश्वासू,
प्रणय वानखेडे

सोबत: बायोडेटा, पदवी व प्रमाणपत्राच्या प्रती