नमो तस्स: पठणाचा पहिला नमस्कार

नमो तस्स भगवतो अरहतो सम्मासम्बुद्धस्स ।
नमो तस्स भगवतो अरहतो सम्मासम्बुद्धस्स ।
नमो तस्स भगवतो अरहतो सम्मासम्बुद्धस्स ॥

अर्थ: त्या भगवंताला, अर्हताला, स्वतः सम्यक ज्ञान प्राप्त केलेल्या बुद्धाला नमस्कार असो.

त्रिशरण आणि पंचशील घेण्यापूर्वी हे वाक्य तीनदा म्हटले जाते. याला सर्रास गाथा म्हणत असले, तरी ते छंदात बांधलेले नसून साधे गद्य आहे. म्हणून चाल शोधण्याआधी प्रत्येक अक्षर पुरते उच्चारावे.

‘नमो’ म्हणजे नमस्कार, आणि ‘तस्स’ म्हणजे त्याला. पुढची तिन्ही पदे याच ‘तस्स’ची विशेषणे असल्यामुळे त्यांची विभक्तीही तीच आहे. ‘भगवतो’ हे ‘भगवंत’ या शब्दाचे रूप असून येथे त्याचा अर्थ ईश्वर असा नाही, तर ऐश्वर्यसंपन्न, पूजनीय असा आहे. ‘अरहतो’ म्हणजे अर्हताला, पूजेस पात्र असलेल्याला. परंपरेने ‘अरि’, म्हणजे क्लेशरूपी शत्रू, ज्याने मारले तो, अशीही फोड केली आहे. मात्र बुद्धांचे अनेक शिष्यही अर्हत होते, तेव्हा एवढ्यावर ओळख पुरी होत नाही. ती शेवटच्या पदाने होते: ‘सम्मा’ म्हणजे यथार्थपणे, ‘सं’ म्हणजे स्वतः, ‘बुद्ध’ म्हणजे जाणलेला. गुरूवाचून ज्याने सत्य शोधले आणि इतरांना दाखवले, त्यालाच सम्मासम्बुद्ध म्हणतात.

मराठीभाषकाची जीभ सर्वांत जास्त अडखळते ती मधल्या ‘अ’पाशी. आपण ‘भगवान’ला ‘भग्वान’ म्हणतो, त्याच सवयीने ‘भग्वतो’ आणि ‘अर्हतो’ असे उच्चार होतात. पालीत मात्र भ-ग-व-तो, अ-र-ह-तो अशी चार-चार अक्षरे स्पष्ट हवीत. ‘तस्स’मध्ये पहिल्या स् वर क्षणभर थांबून दुसरा स सोडावा: तस्-स. शेवटचा ‘अ’ गिळू नये, आणि घोळक्यात सूर लांबला म्हणून ‘बुद्धस्सा’ही करू नये. शेवटचे पद सम्-मा-सम्-बुद्-धस्-स असे सहा अक्षरांत तोडून आठ-दहा वेळा घोकावे. यात ‘मा’ दीर्घ आहे, ‘म्ब’ला ओठ मिटतात, आणि ‘द्ध’ला जीभ दातांमागे अडवून मग श्वासासह ‘ध’ सोडायचा असतो. एका ओळीत अठरा अक्षरे होतात. ती एका श्वासात न बसल्यास ‘अरहतो’नंतर श्वास घ्यावा, पदाच्या मध्ये कधीही घेऊ नये.

तीनदा म्हणण्याची रीत खुद्द त्रिपिटकात दिसते. संयुत्त निकायातील धनञ्जानी नावाची ब्राह्मणी पतीला जेवण वाढायला नेत असता अडखळते, आणि तिच्या तोंडून हेच शब्द तीनदा निघतात. ते ऐकून तिचा पती चिडतो, बुद्धांशी वाद घालायला जातो आणि अखेर त्यांना शरण जाऊन प्रव्रज्या घेतो.