उतरत्या वयाचे सहा अभंग

फलटण तालुक्यातल्या एका घरी आजोबांना ८१ पूर्ण झाली, आजी ७६ची. सहस्रचंद्रदर्शनाचे होमहवन सकाळी; हे अभंग संध्याकाळच्या भजनात, रूपाच्या अभंगानंतर म्हणायचे. पहिला, तिसरा, चौथा आणि सहावा मोठा अभंग आहे: अक्षरे सहा-सहा-सहा-चार, यमक दुसऱ्या-तिसऱ्या चरणाला. शेवटच्या चार अक्षरांवर घाई केली की अर्थ पडतो, तिथे टाळ हळू ठेवावेत. दुसरा आणि पाचवा लहान, आठ-आठ अक्षरांचे। ते चढत्या लयीत चालतील. ठेका भजनी, आठ मात्रांचा. स्वर खालचा धरा, कारण अभंग उचलणाऱ्यांचा दम आता कमी आहे.

॥ १ ॥

जरा आली दारी । आसन मांडिले ।
पाणी पुढे केले । पाहुणीला ॥ ध्रु ॥
गुडघे बोलती । जिना चढताना ।
कान ऐकतीना । हळू बोल ॥
दात गेले चार । बाकीचे हलती ।
भाकरी भिजती । दुधामध्ये ॥
सकाळची गोळी । उपाशीपोटीची ।
दुसरी रात्रीची । मोजलेली ॥
काळे केस होते । तेव्हा होता गर्व ।
पांढरे हे सर्व । झाले बरे ॥
देह थकला तो । थकायाचा होता ।
कुरकुर आता । कोणापाशी ॥
काठी हाती आली । लाज मुळी नाही ।
वाकल्याने पायी । भेट सोपी ॥
दास म्हणे देवा । आखडोत पाय ।
जिभेला अपाय । होऊ नये ॥

॥ २ ॥

आजीने उचलायचा. सुनेने मागे झील धरली तर उत्तम, पण आग्रह करून नको. ‘बाबा’वर लोक हसतात, हसू द्यावे आणि मगच पुढची ओळ घ्यावी.

किल्ली होती कमरेला । आज दिली ती सुनेला ॥ ध्रु ॥
देऊनिया पुन्हा डबा । उघडू नये रे बाबा ॥
तेल किती मीठ किती । तिचे हात ते जाणती ॥
एक वेळ ते सांगणे । दुसऱ्यांदा ते टोचणे ॥
पोळी जाड झाली तरी । घास गोड मुखी धरी ॥
‘आमच्या वेळी’ हा शब्द । गिळून मी होई स्तब्ध ॥
पाटल्या या लेकीपाशी । बोरमाळ सुनेपाशी ॥
डोळ्यांदेखत वाटले । मागे भांडण मिटले ॥
गळ्यामध्ये तुळशीची । माळ माझी तेवढीची ॥
हात रिते झाले खरे । नातवंडा धरू बरे ॥
दासी म्हणे घर नाही । किल्ली सोडली विठाई ॥

॥ ३ ॥

हा आजोबांचा. वैराग्याच्या भरात सगळे लिहून द्यायचे आणि नंतर औषधाच्या पैशासाठी तोंडाकडे बघत बसायचे, हे बऱ्याच घरांत होते. म्हणून दुसरे आणि तिसरे कडवे गाळू नये.

सातबाऱ्यावर । लेकाचे ते नाव ।
आता माझा गाव । पंढरीच ॥ ध्रु ॥
सारे दिले नाही । औषधापुरते ।
वेगळे ते खाते । दोघांनावे ॥
मागू लागताच । नाते होई कडू ।
म्हणून ना सोडू । एवढे ते ॥
इच्छापत्र केले । शुद्धीवर होतो ।
दोन साक्षी घेतो । सहीसाठी ॥
लाभ ज्याला त्यात । साक्षीला नको तो ।
नाहीतर होतो । वाद मागे ॥
बांध कोरणारा । शेजारी तो होता ।
त्याचा राग आता । विहिरीत ॥
बैल गेले आता । ट्रॅक्टर आलासे ।
उगाच उसासे । टाकू नये ॥
ज्वारी नको त्याला । लावो तो डाळिंब ।
सल्ला एक थेंब । मागता दे ॥
दास म्हणे रान । तुझेच होते ना ।
फेडिता वेदना । कशापायी ॥

॥ ४ ॥

भजनातला मुख्य अभंग हाच, म्हणून सर्वांत लांब. पुंडलिकाची कथा आपण नेहमी मुलांना ऐकवतो। इथे ती आईबापांनी ऐकायची आहे. दर दोन कडव्यांनंतर ध्रुपद. पुण्याचा लेक समोर बसलेला असेल, तेव्हा गाताना त्याच्याकडे कोणी पाहू नये, नाहीतर अभंगाचाच टोमणा होतो.

विटेवरी उभा । वाट पाहे देव ।
मग माझा जीव । का रे तापे ॥ ध्रु ॥
पुंडलिक होता । सेवेत गुंतला ।
देव नाही गेला । रागावून ॥
वीट पुढे आली । तीवर राहिला ।
युगे झाली त्याला । अठ्ठावीस ॥
लेक पुण्यामध्ये । कामात बुडाला ।
फोन नाही केला । रविवारी ॥
देवा तुझी युगे । माझा आठवडा ।
का रे हा झगडा । मांडायाचा ॥
फोन वाजला की । टोमणा गिळावा ।
‘जेवलास बाबा’ । विचारावे ॥
‘आठवण झाली’ । एवढे म्हणावे ।
कधी न काढावे । दोष त्याचे ॥
पुंडलिक व्हावा । हट्ट हा कशाला ।
त्याच्याही पोराला । हवा बाप ॥
नात सायकल । शिकते अंगणी ।
मागे धावे कोणी । माझे डोळे ॥
गोष्ट तीच तीच । सांगतो मी जेव्हा ।
नात हसे तेव्हा । मीही हसे ॥
माया तीच आहे । पकड ती सैल ।
असो किती मैल । लेक माझा ॥
दास म्हणे माझी । ओसरी ही वीट ।
वाट पाहू नीट । तुझ्यापरी ॥

॥ ५ ॥

माउलींची पालखी लोणंदहून फलटणला येते, त्या वाटेवरचे हे घर. इथे पखवाज मोकळा सोडावा. ज्यांना उभे राहवते त्यांनी पावली खेळावी, बाकीच्यांनी बसल्या जागी टाळ्या द्याव्यात.

पालखी ही आली दारी । पायी नाही आता वारी ॥ ध्रु ॥
दिवेघाट आठवतो । श्वास येथेच लागतो ॥
रांजणापाशी बसतो । पाणी गाळूनिया देतो ॥
सून थापिते भाकरी । पिठले ते चुलीवरी ॥
नातू घेतो टाळ हाती । चुके ठेका चुको किती ॥
पंच्याहत्तरीच्या पुढे । एस्टीत न पैसा पडे ॥
वाखरीला उतरावे । रिंगणास न्याहाळावे ॥
रांग नको गाभाऱ्याची । भेट पुरे कळसाची ॥
नाही झाले तेही जर । येथून जोडावे कर ॥
दास म्हणे नातू चाले । माझे पाय त्याने नेले ॥

॥ ६ ॥

भैरवीत. वाढदिवसाला मरणाचे कशाला, असे कोणी म्हणेल। पण सगळी भावंडे एका छपराखाली पुन्हा कधी जमतील सांगता येत नाही, आणि नेत्रदानाची इच्छा घरच्यांना आधी ठाऊक नसेल तर सहा तास रडण्यातच जातात. रडवा सूर लावू नये. शेवटच्या कडव्याला पखवाज थांबतो आणि लगेच पाने मांडायला घेतात.

बोलावणे येता । हाक ऐकू यावी ।
ओढ ती नसावी । उंबऱ्याची ॥ ध्रु ॥
नळ्या नको उगा । नको धावाधाव ।
जिभेवर नाव । तुझे राहो ॥
तुळशीचे पान । घोटभर पाणी ।
रडू नये कोणी । फार वेळ ॥
डोळे दान द्यावे । सहा तासांआत ।
उजेड घरात । परक्याच्या ॥
तेराव्याला कर्ज । काढू नये पोरा ।
दिंडीला त्या थारा । द्यावा घरी ॥
भावंडांनो तुम्ही । ये-जा चालू ठेवा ।
तीच माझी सेवा । माझ्यासाठी ॥
तोवरी रे दास । पंगतीत बसे ।
वाढा थोडे जसे । सोसवेल ॥