आठचं बोलावणं

सात वाजता बेल वाजली तेव्हा मृण्मयीच्या केसांना टॉवेल गुंडाळलेला होता आणि मसालेभाताचे तांदूळ अजून निथळत होते. बोलावणं आठचं. स्वतःच्या घरी पहिल्यांदाच जेवायला, तीही सासरची सहा माणसं.

दारात सहाच्या सहा उभी.

"पावसात कर्वे रोड तुंबेल म्हणून तासभर आधी निघालो," आत्याबाई चपला काढत म्हणाल्या. "तर रस्त्यावर चिटपाखरू नाही!"

"या ना, सगळं तयारच आहे," ती म्हणाली आणि टॉवेल सुटून खांद्यावर आला. फोडणी करपल्याचा वास सगळ्यांनाच आला. बोललं कोणी नाही.

आत्याबाई सरळ ओट्याशी. कढई उतरवली, पदर खोचला. "मी पहिल्यांदा जेवायला बोलावलं तेव्हा दोन्ही भाज्यांत मीठच विसरले होते. तुझे सासरे मुकाट्याने जेवले."

"मुकाट्याने कुठे? लोणच्याची बरणी संपवली!" हॉलमधून आवाज आला.

मृण्मयीने कोथिंबिरीची जुडी नेऊन त्यांच्याच हातात दिली. "बाबा, एवढी निवडून द्या. जाड देठं काढा हं."