दसऱ्याच्या सकाळी, आईंसाठी

आई, दसऱ्याच्या खूप खूप शुभेच्छा. पाया पडायला खोलीत आले होते, पण तुमचा डोळा नुकताच लागला होता, म्हणून उठवलं नाही. आज दीक्षाभूमीकडे गर्दी असते, त्यामुळे ड्युटीवर लवकर निघाले.

समोर बसलं की बोलता येत नाही, म्हणून लिहिते आहे. बारा वर्षं झाली आई. नाईट करून सकाळी आले की चहा तयार असायचा. तुम्ही कधी विचारलं नाही की आज एवढा उशीर का झाला. लेकीला गोवर झाला तेव्हा सलग चार रात्री तुम्ही तिच्या उशाशी बसल्या आणि मला मात्र झोपायला लावलं. मे महिन्याच्या उन्हात कूलरमध्ये पाणी भरणं, माझा डबा भरणं, हे कधी झालं ते मला कळायचंही नाही. सांबारवडी केली की माझ्या वाटच्या दोन तुम्ही झाकून ठेवता, हे मात्र मला पहिल्यापासून माहीत आहे.

माझी नोकरी टिकली ती तुमच्यामुळे. हे मी आधीच म्हणायला हवं होतं.

झेंडूचं तोरण मी रात्रीच करून फ्रिजमध्ये ठेवलं आहे, ह्यांना लावायला सांगा. तुम्ही स्टुलावर चढू नका, गुडघा दुखतो. पुरण मी आल्यावर वाटेन. तीनपर्यंत येते. सोनं पहिल्यांदा तुमच्याच हातात देईन.

तुमची सून