विषय : अनाहूत जाहिरात-कॉल बंद करणे व माझी वैयक्तिक माहिती काढून टाकणे

प्रति,
तक्रार निवारण अधिकारी,
पुणे कार्यालय

महोदय,

वाकड येथील सदनिकेचा ताबा मला ३ तारखेला मिळाला आणि ५ तारखेपासून आपल्या कंपनीचे मॉड्युलर किचनसंबंधी कॉल सुरू झाले. आजवर ते अकरा झाले आहेत. ११ तारखेला दुपारी बोलणाऱ्या प्रतिनिधीने, “मॅडम, सातवा मजला, टू बीएचके ना? ओटा एल आकाराचा आहे,” असे सांगितले, तेव्हा मी थक्क झाले, कारण माझ्या ओट्याचा आकार माझ्या सासूबाईंनाही अद्याप ठाऊक नाही. ही माहिती मी फक्त विकासकाला खरेदीखतासाठी दिली होती.

माझा क्रमांक ‘डीएनडी’मध्ये नोंदलेला असून, नोंदणीकृत प्रचार-कॉलसाठी १४० ने सुरू होणारी मालिका असताना आपले सर्व कॉल साध्या दहा अंकी क्रमांकांवरून आले, हे ‘ट्राय’च्या २०१८ च्या विनियमांशी विसंगत आहे. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा, २०२३ यालाही विशिष्ट हेतूसाठी दिलेली स्पष्ट संमतीच अभिप्रेत आहे.

म्हणून कॉल व व्हॉट्सॲप संदेश तत्काळ थांबवावेत, माझी माहिती कोणाकडून मिळाली व पुढे कोणाला दिली हे कळवावे आणि आपल्या तसेच कॉल सेंटरच्या यादीतून ती काढल्याचे पंधरा दिवसांत लेखी द्यावे. केवळ “नंबर ब्लॉक केला” असे उत्तर मला मान्य नाही. यापुढील प्रत्येक कॉलची तक्रार १९०९ वर नोंदवली जाईल. कॉलच्या नोंदींची छायाचित्रे सोबत जोडली आहेत.

आपली,
सदर सदनिकेची मालक