मृणालच्या स्थळाचा मजकूर, दुरुस्त करून

दादा,

मंडळाच्या पुस्तिकेसाठी तू पाठवलेला मजकूर वाचला. नुसत्या वेलांट्या बदलून चालेना, म्हणून पुन्हा लिहून काढला आहे. तुझा मजकूर आधी जसाच्या तसा ठेवते, म्हणजे मी काय काढलं त्यावरून वहिनीशी वाद नको.

तुझा मजकूर:

«चि. सौ. कां. मृणाल. ज. ता. १४/०२/९७. उ. ५.४. रंग गोरा. दे. ऋ. ब्रा. शिक्षण बी. ई. (सी. एस.), एम. एन. सी. मध्ये जॉब, ९ एल. पी. ए., डब्ल्यू. एफ. एच. सुशिल, गृहकार्यात निपूण, लाखात एक मुलगी. वडिल रिटायर बँक मॅनेजर, आई गृहीणी, भा. १ (वि.). स्वताचे घर. अपेक्षा - मुलगा उच्चशिक्षीत, निर्व्यसनि, १५+ एल. पी. ए., पुणे / मुंबई / यू. एस. ला सेटल, स्वताचा फ्लॅट असलेला व जबाबदारी नसलेला. मंगळ चालणार नाही. फक्त सिरीयस लोकांनीच संपर्क करावा, टाईमपास करणाऱ्यांनी फोन करू नये.»

पहिल्याच शब्दाला अडखळले. «चि. सौ. कां.» लग्नपत्रिकेवर शोभतं, लग्न ठरल्यावर. आत्ता «कु.» पुरे.

«सी. एस.» वाचून उज्जैनच्या एका बाईंनी मला विचारलं, «मुलगी कंपनी सेक्रेटरी ना?» त्यांचा भाचा सी. ए., म्हणून त्या खूश होत्या. कॉम्प्युटर सायन्स म्हटल्यावर आवाज उतरला. तेव्हा दोन अक्षरं वाचवू नकोस, पूर्ण लिही. «उ. ५.४» चं तेच. पाच फूट चार इंच की पाच पूर्णांक चार दशांश फूट? तू बँकेत आयुष्य काढलंस, दशांशाचा अर्थ तुला मी सांगायचा? आणि «भा. १ (वि.)» मध्ये भाऊ विवाहित आहे, विदेशात आहे की विभक्त आहे, हे वाचणाऱ्याने ओळखायचं. आपण घरात सगळं जाणतो म्हणून ते संक्षेप आपल्याला वाचता येतात, एवढंच.

शुद्धलेखनात एक गंमत आहे. «वडिल» मध्ये तू दीर्घ हवं तिथे ऱ्हस्व केलंस आणि «निपूण» मध्ये ऱ्हस्व हवं तिथे दीर्घ. शेवटचं अक्षर अकारान्त असलं की मराठी शब्दात त्याच्या आधीची वेलांटी वा उकार दीर्घ: वडील, बहीण, मूळ. प्रत्यय लागला की पुन्हा ऱ्हस्व: वडिलांचे, बहिणीला, मुळात. पण संस्कृतातून जसे आले तसे शब्द हा नियम पाळत नाहीत. निपुण, विवाहित, उच्चशिक्षित हे ऱ्हस्वच. «गृहिणी» मध्ये हि ऱ्हस्व, शेवटची णी दीर्घ. «निर्व्यसनी» ला दीर्घ. «सुशील» मध्ये शी दीर्घ. «स्वतःचे» ला विसर्ग. मराठी साहित्य महामंडळाचे नियम १९६२ पासून चालत आलेत, १९७२ मध्ये त्यात थोडी भर पडली. आपल्या घरापर्यंत अजून पोचले नाहीत.

«गृहकार्यात निपूण» हे तर आपलं नाहीच. हिंदी पेपरातल्या जाहिरातीतलं «गृहकार्य में दक्ष» तू मराठीत आणलंस. इंदूरात राहून हिंदी चिकटणारच, मीही भाजीवाल्याशी काय बोलते ते ऐकलंस ना. पण मृणालला स्वयंपाक येतो असं सरळ लिही, आणि तेही तिला विचारून.

रंग काढला. ती गोरी नाही, दादा. आणि फोटो सोबतच लावतो आहेस.

आता खरं बोलते, राग मानू नकोस. «जबाबदारी नसलेला» म्हणजे काय? ज्याचे आईवडील नाहीत तो? हे वाचणारी मुलाची आईच असते, चष्मा पुसून, पेन हातात घेऊन. तुझ्याच सोहमसाठी कुणी असं लिहिलं असतं तर ती जबाबदारी म्हणजे तू आणि वहिनी. तसंच ते टाईमपासवाल्यांना बजावणं. फोन येण्याआधीच तू भांडून मोकळा झालास. ज्याला खेळ करायचा तो ते वाचून थांबत नाही. भला माणूस मात्र थांबतो.

काल रात्री मृणालला फोन केला. परदेशी जायचंच नाही म्हणाली. «बाबांना सांगितलंय, ते ऐकत नाहीत.» म्हणून यू. एस. काढलं. फ्लॅटचंही तिने हसण्यावारी नेलं. मंगळाचं तुझं तू बघ. मी ते पत्रिकेवर सोडलं आहे. स्वयंपाकाची ओळ तिची, मी फक्त विरामचिन्हं घातली.

पुस्तिकेत द्यायचा मजकूर असा:

॥ श्री गजानन प्रसन्न ॥

कु. मृणाल
जन्म: १४ फेब्रुवारी १९९७, सकाळी ७.२०, इंदूर
उंची: ५ फूट ४ इंच
ज्ञाती: देशस्थ ऋग्वेदी ब्राह्मण, गोत्र भारद्वाज
शिक्षण: बी. ई., कॉम्प्युटर सायन्स (इंदूर)
नोकरी: पुण्यातील सॉफ्टवेअर कंपनीत, सध्या इंदूरहून घरून काम, महिन्यातून एकदा पुण्याला जावे लागते
वार्षिक उत्पन्न: सुमारे ९ लाख रुपये

कुटुंब: वडील बँकेतून व्यवस्थापक म्हणून निवृत्त. आई गृहिणी. एक मोठा भाऊ, विवाहित, भोपाळला नोकरीस. इंदूरला स्वतःचे घर. घरात मराठी बोलली जाते.

मृणालविषयी: मोकळ्या स्वभावाची, कामात नेटकी. सकाळी पिपलियापाल्याला फिरायला जाते, शनिवारी रात्री मैत्रिणींबरोबर सराफ्यात भुट्ट्याचा कीस खायला. मराठी वाचनाची आवड. स्वयंपाक येतो, लग्नानंतर तो दोघांनी मिळून करावा असे तिला वाटते. नोकरी पुढे चालू ठेवण्याची इच्छा आहे.

अपेक्षा: मुलगा पदवीधर, निर्व्यसनी, स्वतःच्या पायावर उभा असावा. इंदूर किंवा पुणे येथे राहणारा असल्यास उत्तम. त्याच्या आईवडिलांबरोबर राहण्यास मुलीची तयारी आहे. पोटजातीचा आग्रह नाही.

पत्रिका व फोटो सोबत जोडले आहेत. संपर्क मंडळाच्या कार्यालयामार्फत करावा. फोन संध्याकाळी सातनंतर घेता येतील.

आईवडिलांबरोबर राहण्याचं वाक्य तिला दोनदा वाचून दाखवलं. «हो, पण स्वयंपाकाची ओळ त्याच्या वर राहू दे,» म्हणाली. म्हणून ती वर आहे, खाली सरकवू नकोस.

पोटजातीचंही तिचंच. तुला पटत नसेल तर तिच्याशी बोल, परस्पर खोडू नकोस. आणि मंडळातला मुलगा टाइप करताना «कु.» चं «चि. सौ. कां.» करतो, गेल्या वर्षी कुणाचं तरी केलं होतं. छापायला जाण्याआधी एकदा मला दाखव.

– तुझी सुमा