तौलनिक धर्म चर्चावर्ग: वर्गात येण्याआधी वाचायचे प्रश्न

बी.ए. तृतीय वर्ष, सोलापूर. डिसेंबर ते फेब्रुवारी, दर शनिवारी सकाळी नऊ ते अकरा. बाकं गोलात लावलेली असतील.

विद्यार्थी मित्रांनो,

आपल्या वर्गात लिंगायत आहेत, पद्मशाली आहेत, मुस्लिम, बौद्ध, जैन, ख्रिस्ती आणि वारकरी घरातले आहेत. मी काही मानत नाही असं पहिल्याच दिवशी सांगणारेही दोघंतिघं आहेत. कुणाच्या घरी तेलुगू बोलतात, कुणाच्या घरी कन्नड, कुणाच्या घरी उर्दू. इतका मोठा ठेवा पुस्तकात मिळत नाही, म्हणून हे प्रश्न मी आपल्या गावाला धरूनच काढले आहेत.

दोन वाक्यं या वर्गात चालणार नाहीत. पहिलं, ‘तुमच्यात असं का करतात?’ यात आरोप आधीच ठरलेला असतो. दुसरं, ‘शेवटी सगळे धर्म एकच सांगतात.’ हे वाक्य ऐकायला गोड आहे, म्हणूनच मला ते जास्त खटकतं. समोरच्याने आयुष्यभर जपलेला फरक आपण एका वाक्यात मोडीत काढतो आणि वर चांगुलपणाचं श्रेयही घेतो. जे सारखं आहे ते नीट दाखवा. जे वेगळं आहे तेही तितक्याच नीट दाखवा.

बोलताना एवढं सांभाळा. ‘आमच्यात’ म्हणण्याऐवजी ‘आमच्या घरी’ म्हणा. कुणालाही त्याच्या धर्माचा वकील करू नका. वर्गातल्या एकट्या जैन मुलीकडे सगळ्यांनी वळून बघणं हाही त्रासच असतो. उत्तर द्यायचं नसेल तर ‘पुढे जाऊ’ म्हणा, कारण विचारलं जाणार नाही. मोबाइलवर रेकॉर्डिंग नको.

प्रश्न कसा बदलायचा याचे दोन नमुने देतो. ‘दगडाची पूजा कशाला करता?’ याऐवजी विचारा: ‘प्राणप्रतिष्ठेआधी, दहा दिवसांत आणि विसर्जनानंतर, त्या गणपतीच्या मूर्तीकडे तुझ्या घरी कसं बघतात?’ आणि ‘तुमच्या बायका मशिदीत का जात नाहीत?’ याऐवजी: ‘तुझ्या घरातल्या बायका नमाज कुठे पढतात, आणि त्याबद्दल त्या स्वतः काय सांगतात?’ दुसऱ्या पद्धतीने विचारलं की उत्तरात माणूस दिसतो. मशिदी-मशिदींत, घराघरांत रीत वेगळी असते हेही आपोआप बाहेर येतं.

पहिला शनिवार: गड्डा

सिद्धरामेश्वर बाराव्या शतकातले. त्यांची वचनं कन्नडमध्ये आहेत आणि त्यांची यात्रा आपण मराठी, कन्नड, तेलुगू बोलत साजरी करतो. संक्रांतीच्या यात्रेत अडुसष्ट लिंगांना तैलाभिषेक, संमती कट्ट्यावर अक्षता सोहळा आणि मग होम. कुंभारकन्येला सिद्धरामांशी लग्न करायचं होतं. ते योगी, म्हणून त्यांच्या योगदंडाशी तिचा विवाह लागला, अशी कथा आपण लहानपणापासून ऐकतो.

१. पांढरी बाराबंदी घालून उंच नंदीध्वज कमरेच्या पट्ट्यावर तोलत चालणारा मानकरी तुम्ही जवळून पाहिला असेल. मागेपुढे दोर धरणारे असतात, आणि ‘बोला हर्र’ झालं की गर्दीतला प्रत्येकजण ओरडतो. त्या क्षणी तो मानकरी जे करतो ती उपासना, सेवा, व्यायाम की घराण्याचा मान? त्याला विचारलं तर तो यातला कोणता शब्द निवडेल?

२. अक्षता टाकायला जाणारा आणि फक्त पाळणे, भेळ, दुकानं यांसाठी गड्ड्यावर जाणारा, या दोघांपैकी यात्रेत कोण ‘सामील’ झालं? मुस्लिम किंवा ख्रिस्ती मित्र तुमच्याबरोबर आला तर तो कुठपर्यंत येतो आणि कुठे थांबतो? ती रेघ कोण आखतं?

३. बसवेश्वर आणि शरणांनी स्थावर मंदिरापेक्षा शरीरावरच्या इष्टलिंगाला महत्त्व दिलं. मग तलावातलं देऊळ आणि अडुसष्ट लिंगांची प्रदक्षिणा हे लिंगायत घरात कसं जुळवून घेतात? (लिंगायत हा स्वतंत्र धर्म की हिंदू परंपरेतला पंथ, यावर एकाच घरात दोन मतं सापडतात. दोन्ही ऐका. वर्गात मतदान होणार नाही.)

दुसरा आणि तिसरा शनिवार: उपवास

या विषयाला मी दोन दिवस दिले आहेत, कारण सारखेपणा आणि फरक इथे एकाच ताटात दिसतात. आषाढी एकादशीला साबुदाणा, भगर, शेंगदाण्याची आमटी. रमजानमध्ये पहाटेपासून सूर्यास्तापर्यंत पाण्याचा थेंबही नाही, आणि मग इफ्तार. जैनांच्या पर्युषणातल्या कडक उपवासात फक्त उकळून गार केलेलं पाणी, तेही दिवस मावळायच्या आत. अष्टशील पाळणारे बौद्ध उपासक दुपारनंतर जेवत नाहीत. ईस्टरआधीच्या चाळीस दिवसांत कुणी मांसाहार सोडतं, कुणी आवडीची एखादी गोष्ट.

४. प्रत्येकाने एकच सांगावं: तुमच्या घरी उपवास कोणासाठी असतो? देवासाठी, आज्ञा म्हणून, कर्म झडावं म्हणून, मन ताब्यात राहावं म्हणून, की आईने सांगितलं म्हणून? शेवटचं उत्तरही खरं उत्तर आहे, लाजू नका.

५. आजारी आणि प्रवासी यांना कुराणात रोज्यातून सूट आहे. राहिलेले दिवस नंतर भरून काढायचे. तुमच्या परंपरेत सूट कोणाला आहे, आणि ती लिखित आहे की घरातल्या मोठ्यांनी ठरवलेली? मधुमेह असलेल्या आजीला कोण, काय सांगतं?

६. उपवासाचं फळ मिळतं, असं कोणकोणत्या घरात म्हणतात? जैन परंपरेत तीर्थंकर मुक्त झालेले आहेत, ते वर देत नाहीत. मग मागणं नसलेली भक्ती कशी असते? हा प्रश्न जैनांनी समजावून सांगायचा आणि बाकीच्यांनी ‘पण मग पूजा कशाला?’ असं न म्हणता आधी पुन्हा आपल्या शब्दांत सांगायचा. त्यांनी ‘हो, असंच’ म्हटलं की मगच पुढचा प्रश्न.

७. २९ जून २०२३ ला आषाढी एकादशी आणि बकरी ईद एकाच दिवशी आली. ईदची कुर्बानी पुढच्या दोन दिवसांतही करता येते, आणि अनेक ठिकाणच्या मुस्लिमांनी ती पुढे ढकलली. यात शेजारधर्म किती, धर्मातली सोय किती आणि दबावाची भीती किती? एखाद्याने पुढे ढकलली नसती तर तो वाईट शेजारी ठरला असता का? या प्रश्नावर आवाज चढतो, हे मला माहीत आहे. चढला तर दोन मिनिटं सगळ्यांनी वहीत लिहायचं आणि मग बोलायचं.

चौथा शनिवार: एकच नाव, दोन धर्म

मला स्वतःला सगळ्यात जवळचा वाटणारा हा भाग आहे. येशू ख्रिस्ती श्रद्धेत देवाचा पुत्र आहे, क्रुसावर मरण पावून पुन्हा उठलेला. कुराणात तोच ईसा आहे, मरियमचा मुलगा, मोठा पैगंबर. पण तो देवाचा पुत्र नाही आणि त्याला क्रुसावर मारलं गेलं नाही. इब्राहिमने मुलाचा बळी द्यायची तयारी दाखवली, ही कथा दोघांकडे आहे. बायबलमध्ये तो मुलगा इसहाक. कुराणात त्या ठिकाणी नाव नाही. बहुतेक मुस्लिम तो इस्माईल मानतात.

८. ख्रिस्ती आणि मुस्लिम विद्यार्थ्यांनी येशू/ईसाबद्दल एकमेकांचं म्हणणं सांगायचं, आपलं नाही. दोघांनाही ते ऐकताना कुठे बोचलं, हे शेवटी सांगायचं.

९. दशावतारांत बुद्धाला नववा अवतार मानणारी अनेक घरं आहेत. १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपुरात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी दिलेल्या बावीस प्रतिज्ञांपैकी पाचवी प्रतिज्ञा, बुद्ध हा विष्णूचा अवतार आहे हे मी मानत नाही, असं सांगते. हिंदू घरात जे प्रेमाने सामावून घेणं वाटतं, ते बौद्ध घरात पुसून टाकणं का वाटतं? बौद्ध विद्यार्थ्यांनी हवं तेवढंच बोलावं. इतरांनी या प्रश्नावर ‘आम्ही तर बुद्धालाही मानतो’ हे उत्तर म्हणून देऊ नये.

पाचवा शनिवार: दार कोणासाठी उघडं

पंढरपूर आपल्याच जिल्ह्यात. नामदेव पायरीपाशी चोखोबांची समाधी आहे, देवळाबाहेर. १९४७ मध्ये साने गुरुजींनी विठ्ठल मंदिर दलितांना खुलं व्हावं म्हणून उपोषण केलं आणि मंदिर खुलं झालं. २०१६ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने हाजी अली दर्ग्याच्या आतल्या भागात जाण्याचा स्त्रियांचा हक्क मान्य केला.

१०. चोखोबांचे अभंग दिंडीत गायले जात होते आणि त्यांच्या समाजाला मात्र आत प्रवेश नव्हता. गाणारे हे दोन्ही मनात कसं ठेवत असतील? आज आपल्या प्रार्थनास्थळात, कोणत्याही धर्माच्या, अशी एखादी न बोललेली पायरी उरली आहे का? आपल्याच धर्माबद्दल बोला, दुसऱ्याच्या नाही.

११. ‘हा धर्म नाही, ही रूढी आहे’ असं आपण आपल्या धर्माबद्दल पटकन म्हणतो. दुसऱ्याच्या धर्मातल्या तशाच गोष्टीला आपण तीच सवलत देतो का? एक-एक उदाहरण घेऊन या.

सहावा शनिवार: दान आणि मृत्यू

दानाचा भाग अर्ध्या तासात आटपू. जकात, म्हणजे वर्षभर शिल्लक राहिलेल्या संपत्तीचे अडीच टक्के; लिंगायतांचा दासोह; शिखांचा लंगर; चर्चमधलं दशांश दान.

१२. यातलं कशात रक्कम ठरलेली आहे, कशात नाही? ठरलेली असण्याने देणाऱ्याचं मन मोठं होतं की लहान?

मृत्यूवर सावकाश बोलू. वर्गात कुणाच्या घरी वर्षभरात दुःख झालं असेल तर त्यांनी आधी मला भेटावं. त्या दिवशी न येण्याची पूर्ण मुभा आहे.

१३. हिंदूंमध्ये बहुतेक दहन, मुस्लिम आणि ख्रिस्ती घरांत दफन, लिंगायतांमध्येही दफन, तेही अनेकदा बसलेल्या स्थितीत. देहाचं काय करायचं यावरून मरणानंतर काय होतं याबद्दलची श्रद्धा कळते का, की फक्त घराण्याची चाल कळते?

१४. दुसऱ्या धर्माच्या मित्राच्या घरी तुम्ही सांत्वनाला गेलात. तुम्ही काय बोललात, काय बोलायचं टाळलंत, हात जोडले की नुसते बसलात? आणि त्या घराला काय आवडलं असतं, असं आज वाटतं?

शेवटच्या शनिवारी प्रत्येकाने स्वतः तयार केलेला एक प्रश्न आणायचा, दुसऱ्या परंपरेबद्दलचा. आणण्याआधी तो त्या परंपरेतल्या एका माणसाला वाचून दाखवायचा, आणि त्याने सुचवलेला बदल लाल शाईने वहीत तसाच ठेवायचा. वही सोमवारपर्यंत विभागात जमा करा.